पावडर की ताट? आधी कच्ची डाळ आणि वाटीतलं वरण वेगळं करा

जिम लावून आठवडा होत नाही तोच पोराच्या कानावर दोन सल्ले पडतात. जिममधला म्हणतो, पावडरशिवाय अंगाला काही लागणार नाही. घरातले म्हणतात, पावडरीने किडनी जाते, त्यापेक्षा डाळ खा. दोघेही ठामपणे बोलतात, पण पोराच्या पोटात आज किती प्रोटीन जातंय हे दोघांपैकी एकानेही मोजलेलं नसतं. या गोंधळाचा मला मनापासून वैताग आला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पावडर म्हणजे काय ते थोडक्यात. बाजारात सर्वांत जास्त खपते ती व्हे. दूध फाटलं किंवा विरजलं की चोथा खाली बसतो आणि वर हिरवट पाणी राहतं. चीजच्या कारखान्यात उरणारं असं पाणी गाळून, सुकवून त्याची भुकटी करतात. हे स्टेरॉइड नाही, औषधही नाही. ते दुधाचंच प्रोटीन आहे आणि पोटात गेल्यावर अंड्याच्या किंवा डाळीच्या प्रोटीनसारखंच अमिनो आम्लांत मोडतं. स्नायूला ती आम्लं कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं.

आता खरी गफलत. "शंभर ग्रॅम डाळीत बावीस ग्रॅम प्रोटीन" हे वाक्य बरोबर आहे, पण ते कच्च्या, कोरड्या डाळीचं आहे. घरात कोणी कच्ची डाळ खात नाही. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीचं शिजवून वरण केलं की पाण्यासकट तीनचारशे ग्रॅम होतं आणि चार वाट्या भरतात. म्हणजे एका वाटीत पंचवीसेक ग्रॅम कोरडी डाळ आणि प्रोटीन जेमतेम ६ ग्रॅम. पातळ आमटी असेल तर ४. उसळीचंही तेच. मोड आलेली मटकी फुगून वाटी गच्च भरते, पण ती कोरडी ३० ग्रॅमच असते आणि तिच्यात ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. नाशकात रविवारी मिसळ खाऊन "आज भरपूर प्रोटीन झालं" म्हणणारे मला नेहमी भेटतात. प्लेटमध्ये मटकी किती आणि रस्सा, फरसाण, पाव किती, ते एकदा नीट पाहावं. मिसळ चवीसाठी खावी, प्रोटीनच्या हिशेबात तिचे सहासात ग्रॅम धरावेत.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. पावडरच्या डब्यातला चमचा ३३ ग्रॅमचा असतो म्हणून ३३ ग्रॅम प्रोटीन, असं धरणारे आहेत. त्यात प्रोटीन साधारण २४ ग्रॅमच असतं. चिकनचा आकडाही दोन प्रकारे छापलेला सापडतो: बिनहाडाच्या कच्च्या छातीच्या मांसात शंभराला २२-२३ ग्रॅम, शिजवल्यावर पाणी उडून गेल्यामुळे ३० च्या वर. कच्चं वजन करून शिजवलेला आकडा लावला की रोज आठदहा ग्रॅम हवेत मोजले जातात. म्हणून एकच सवय लावा. वजन नेहमी कच्च्या मालाचं करा आणि आकडाही कच्च्याचाच वापरा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा आठ दिवस वापरला तरी डोळ्याला अंदाज येतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. सिडकोत राहणारा, सातपूरच्या कंपनीत कामाला जाणारा, ६० किलो वजनाचा सडसडीत मुलगा. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि चहा: ७ ग्रॅम. डब्यात चार पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात: २५. पोळीला इथे कमी लेखू नका, ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साडेतीन ग्रॅम असतात. संध्याकाळी चहा-बिस्किटं: २. रात्री तीन पोळ्या, मटकीची उसळ, थोडा भात आणि छोटी वाटी दही: २४. बेरीज ५८.

गरज किती? २०२० मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी दिलेला आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे याला ५० ग्रॅम. तेवढं तो खातोच आहे. पण तो आकडा वजनं न उचलणाऱ्यासाठी आहे. व्यायामावरचं संशोधन पाहिलं तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीत फारसा फरक दिसत नाही. नवख्याने १.२ ते १.६ च्या मध्ये राहावं. मी १.४ धरतो. म्हणजे ८४ ग्रॅम. किलोमागे दोन-अडीच ग्रॅम सांगणाऱ्यांचं नवख्याने अजिबात ऐकू नये. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ सुधारल्यामुळे, आणि जास्तीचं प्रोटीन ते काम लवकर उरकून देत नाही.

तर ८४ वजा ५८, तूट २६ ग्रॅमची. सगळा वाद या २६ ग्रॅमचा आहे आणि हे कळलं की वाद बराचसा मिटतो. दोन उकडलेली अंडी (१२), पेलाभर म्हणजे २५० मिली दूध (८) आणि मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे (६). झाले २६. अंडं ७ रुपये, दूध ६० रुपये लिटर आणि फुटाणे १६० रुपये किलो धरले तर रोजचे ३४ रुपये, महिन्याचे हजार. पावडरचा किलोचा डबा २२०० रुपयांना धरला तर ३३ ग्रॅमचे तीस चमचे निघतात, म्हणजे रोज एक चमचा घेतला तर महिन्याला २२०० आणि तरीही दोन ग्रॅम कमीच. तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील तर ते घालून हाच हिशेब करा. सर्वांत स्वस्त सोयाबीनच्या वड्या. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत २६ ग्रॅम प्रोटीन, किराणा दुकानातल्या सुट्या वड्या घेतल्या तर दहाबारा रुपयांत. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून रस्सा भाजीत टाकल्या की उग्र वास जातो. श्रावणात घरात अंडी बंद होतात तेव्हा मी याच वड्यांवर भर द्यायला सांगतो.

पैशात अन्न जिंकतं. मग पावडर कुणासाठी? त्याचं उत्तर प्रोटीनबरोबर आणखी काय पोटात जातं यात आहे. वरचं अंडी-दूध-फुटाणे मिळून चारशेच्या आसपास कॅलरी होतात, चमचाभर पावडर १२०. आपल्या सडसडीत मुलाला त्या चारशे कॅलरी हव्याच आहेत, त्यांच्याशिवाय वजन वाढणार कसं? पण ९० किलोचा, पोट सुटलेला माणूस वजन उतरवायला आला असेल तर त्याला त्याच कॅलरी अडचणीच्या. त्यात तो पूर्ण शाकाहारी असेल, अंडं चालत नसेल आणि सोयाबीन पचत नसेल, तर २५ ग्रॅम प्रोटीनसाठी त्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पनीर खावं लागतं. तेही साडेतीनशे कॅलरींच्या पुढे जातं. अशा माणसाने एक चमचा पावडर घ्यावी, मी आढेवेढे घेणार नाही. फक्त गरज मोजताना त्याने आजचं ९० किलो न धरता जे वजन गाठायचं आहे ते धरावं. शेंगदाण्यांचंही इथेच सांगून टाकतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन खरं, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. ते आधी तेल आहे, मग प्रोटीन. वजन उतरवणाऱ्याने "प्रोटीनसाठी" शेंगदाण्याचे लाडू खाऊ नयेत.

पचनाबद्दल पावडरवर होणारा आरोप बहुतेक वेळा दुधावर व्हायला हवा. पोरं चमचाभर पावडर पेलाभर दुधात घुसळतात, तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, आणि पावडर बदनाम होते. पेलाभर दुधात दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, १२ ग्रॅमच्या आसपास असते. व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कमी गाळलेली साधी व्हे, तिच्या चमच्यात ती एक-दोन ग्रॅम असते. आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणारे खूप आहेत. म्हणून तीन दिवस तीच पावडर पाण्यात घेऊन पाहा. त्रास थांबला तर दोष दुधाचा होता, आणि तुम्हाला दह्यावर राहणं सोपं जाईल. पाण्यातही त्रास झाला तर आयसोलेट या जास्त गाळलेल्या प्रकारात लॅक्टोज आणखी कमी असतं, किंवा सरळ अंड्यांकडे वळा. कडधान्यांनी गॅस होतो त्याचं कारण वेगळं: त्यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले आणि नीट शिजवलं तर त्रास कमी होतो. एकदम दोन वाट्यांवर जाऊ नका, आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

आणि कृपा करून कच्ची अंडी पिणं बंद करा. ताकदीसाठी म्हणून पेल्यात चार अंडी फोडून पिणारे अजूनही दिसतात. शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन नव्वद टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्याचं निम्मंच. वर साल्मोनेला या जिवाणूचा धोका वेगळा. पैसेही वाया आणि पोटही बिघडतं.

किडनीचं एवढंच: निरोगी माणसाला वरच्या मापातलं प्रोटीन त्रास देत नाही, मग ते पावडरचं असो की चिकनचं. आधीच किडनीचा आजार असेल, किंवा मधुमेह-रक्तदाब जुना असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्नातलंही प्रोटीन वाढवू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी पावडर टाळायला सांगितलं आहे. या पावडरींत वरून साखर, गोडी आणणारे पदार्थ आणि कृत्रिम स्वाद असू शकतात, हाही त्यांचा आक्षेप आहे. नव्वद टक्के नवख्यांसाठी मला तो सल्ला पटतो.

घ्यायचीच ठरली तर डब्याची मागची बाजू वाचा. शंभर ग्रॅममागे प्रोटीन ७० च्या वर हवं. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर डबा परत ठेवा, कारण प्रोटीन बहुधा नायट्रोजन मोजून काढतात आणि ही स्वस्त द्रव्यं तो आकडा फुगवतात. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक नसेल तर घेऊच नका. आणि "मास गेनर" हे प्रोटीन नव्हे. त्याच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे पिष्टापासून केलेली भुकटी, आणि प्रोटीन शंभराला पंधरा-वीस. सडसडीत मुलांच्या गळ्यात हाच डबा जास्त मारला जातो. तेवढ्या कॅलरी दोन केळी, पेलाभर दूध आणि दोन जास्तीच्या पोळ्या देतात, आणि प्रोटीनही जवळजवळ तेवढंच.