चॅनल बदललं की आवाज का उसळतो : मॉड्युलेटरच्या पेचापासून ऑटो व्हॉल्यूमपर्यंत

खान्देशात मे महिन्यात कूलर सुरू असला की टीव्हीचा आवाज आधीच चढवलेला असतो, त्यात चॅनल बदललं आणि तिकडे नेमकी जाहिरात लागलेली असली की घरातलं कुणीतरी रिमोटकडे झेपावतं. हे जुनंच दुखणं आहे, पण दर काळात त्याचं कारण वेगळं होतं.

1990च्या दशकात मी भुसावळला केबलच्या कंट्रोल रूममध्ये काम करायचो. तेव्हा प्रत्येक चॅनलला वेगळा मॉड्युलेटर, म्हणजे त्याचं चित्र आणि आवाज केबलवर चढवणारं यंत्र, असायचा आणि त्यावर ऑडिओचा एक छोटा पेच. पेच फिरवला की एफएमचं डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर लहरीची वारंवारता किती इकडेतिकडे सरकते ते, वाढायचं आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर ते चॅनल मोठ्याने वाजायचं, मर्यादा 50 किलोहर्ट्झची, तिच्यापुढे गेलं की आवाज फाटायला लागायचा. मीटर नव्हता, कान होता. ज्या दिवशी जे वाजत असेल त्यावर पेच लावला जायचा, म्हणून हळू संवादांच्या मालिकेवर लावलेलं चॅनल नंतर गाण्यांना उसळायचं. मग आम्ही बातम्यांच्या वेळी एकेक चॅनल फिरवून, निवेदकाच्या बोलण्याशी दुसऱ्याचं बोलणं जुळवून पेच लावायला लागलो आणि चॅनल बदलताना बसणारा धक्का बराच कमी झाला. पण त्याच चॅनलवरची जाहिरात पेचाने आवरता येत नव्हती, कारण पेच सगळ्यालाच सारखा वरखाली करतो.

केबलच्या 1994च्या नियमांत जाहिरात फार ‘लाउड’ नसावी असं लिहिलेलं आहे, पण लाउड म्हणजे किती याचा आकडा त्यात नाही. वाद इथेच आहे आणि माझ्या मते तिथेच प्रेक्षकाला वाऱ्यावर सोडलं गेलं. स्टेशनवाले तेव्हा पीक बघायचे, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक. हे डीबीत मोजतात आणि उण्याचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. समजा मालिकेचं टोक -10 वर आणि जाहिरातीचंही -10 वरच, मीटरवर दोघं सारखे. पण मालिकेतलं बोलणं सरासरी -24 वर असतं आणि जाहिरात कॉम्प्रेसरने, म्हणजे आवाजातला चढउतार कमी करणाऱ्या यंत्राने, दाबून दाबून -14 वर आणून ठेवलेली असते. 10 डीबीचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे नियम पाळला आणि प्रेक्षक ओरडतोच आहे.

2006 मध्ये टोकाऐवजी कानाला जाणवेल तसा मोठेपणा मोजायचं आंतरराष्ट्रीय सूत्र आलं, त्यात सगळ्या वेळेची सरासरी काढायची. युरोपात पुढे लक्ष्य ठरलं -23 एलयूएफएस, हे त्या जाणवणाऱ्या मोठेपणाचं डीबीसारखंच माप. पण सरासरीत एक पळवाट होती. 30 सेकंदांच्या जाहिरातीत 20 सेकंद जवळपास शांतता ठेवा आणि उरलेले 10 सेकंद -18 वर ओरडा, सरासरी बरोबर -23 च्या आसपास येते! म्हणून गेट घातलं. सरासरीपेक्षा ठरावीक अंतराने खाली असलेले तुकडे मोजायचेच नाहीत. अंतर किती ठेवायचं यावर मतभेद झाले, युरोपने आधी 8 डीबी ठेवलं होतं, 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सूत्रात 10 ठरलं आणि मग युरोपनेही तेच घेतलं. गेटमुळे वरच्या जाहिरातीतली शांतता गळून पडते, सरासरी -18 येते आणि तिला 5 डीबी खाली यावं लागतं. पण 10 हा आकडा मला ढिलाच वाटतो, कारण तेच 20 सेकंद -32 वर ठेवले तर ते गेटच्या आत राहतात आणि शेवटचा ओरडा लक्ष्यापेक्षा जवळपास साडेचार डीबी वर राहतोच. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाचा कायदा डिसेंबर 2012 पासून लागू झाला, तोही असाच सरासरीवर उभा आहे.

2012 पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल केबल आली, मॉड्युलेटरचे पेच गेले आणि नवीन गोंधळ आला. बऱ्याच एचडी चॅनलांच्या ऑडिओसोबत बोलण्याची पातळी सांगणारा एक आकडा येतो, बॉक्स त्यावरून आवाज उतरवतो, जुन्या पद्धतीच्या एसडी ऑडिओत तो आकडाच नसतो. म्हणून एसडीवरून एचडीवर गेलं की आवाज एकदम बारीक होतो, परत आलं की उसळतो. स्टेशनने आकडा चुकीचा भरला तर बॉक्सही चुकतो.

टीव्हीतलं ऑटो व्हॉल्यूम यातलं काहीच बघत नाही. त्याला कार्यक्रम कुठला, जाहिरात कुठली ते कळत नाही, आत्ता येणारा आवाज मोठा दिसला की पटकन दाबतो आणि नंतर हळूहळू सोडतो. ते चालू आहे हे ओळखायचं असेल तर ब्रेक संपतानाचं ऐका : मालिकेतलं पहिलं वाक्य दबलेलं येतं आणि मग आवाज वर चढत जातो, शांत सीन लांबला तर मागची सूं सूंसुद्धा फुगते. बातम्यांना ते चालून जातं. गाण्यांच्या कार्यक्रमाला मी ते बंद करतो, कारण तबल्याची प्रत्येक थाप मागच्या सुराला खाली ढकलते.