अंगठा मनगटाला लागला, पुढे काय? बेइटन गुणांची पार्श्वभूमी

शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं असतं, की ते मधल्या सुट्टीत अंगठा मागे वाकवून हाताला टेकवून दाखवतं आणि बाकीची पोरं ‘ई...’ करत पळतात. तीच मुलगी तिशीत आली की गुडघ्याची वाटी सरकते, पाऊल सारखं मुरगळतं, रात्री खांदे ठणकतात. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. मग कुणी तरी डॉक्टर तिला तोच जुना खेळ पुन्हा करायला सांगतो आणि केसपेपरवर लिहितो: बेइटन 4/9, म्हणजे सांध्यांच्या ढिलेपणाचे नऊपैकी चार गुण. हे नऊ गुण कुठून आले, हे माहीत असलं की त्यांच्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

सांधे ढिले असणं ही नवी गोष्ट नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक लिखाणात सिथियन लोकांचं वर्णन आहे. त्यांचे खांदे इतके ढिले, की धनुष्य ताणता येत नसे, म्हणून ते सांध्यांवर डाग देऊन घेत. पण आधुनिक वैद्यकात या विषयाची सुरुवात सांध्यांपासून झाली नाही, कातडीपासून झाली. डेन्मार्कचे एडवर्ड एलर्स (1901) आणि पॅरिसचे आंरी-अलेक्सांद्र दांलोस (1908) हे दोघेही त्वचारोगतज्ज्ञ. ताणली जाणारी, पटकन फाटणारी कातडी आणि तिच्या जोडीला सैल सांधे, असं वर्णन त्यांनी केलं आणि त्यांची नावं आजाराला चिकटली. मॉस्कोच्या चेर्नोगुबोव यांनी 1892 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, पण ते रशियनमध्ये लिहिलेलं राहिलं. अशा सगळ्या आजारांना एका छताखाली आणलं ते अमेरिकेच्या व्हिक्टर मॅक्क्युसिक यांनी, 1956 मध्ये. त्यांचा मुद्दा साधा होता. हाडं, अस्थिबंध, कातडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना धरून ठेवणारं संयोजी ऊतक एकच आहे. त्याच्या धाग्यात जन्मतः खोट असेल, तर ती एकाच ठिकाणी दिसणार नाही.

मोजणीची गोष्ट यापेक्षा वेगळ्या दारातून आली. 1964 मध्ये लंडनमध्ये सेड्रिक कार्टर आणि जॉन विल्किन्सन जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांचा अभ्यास करत होते. अशा मुलांचे आणि घरच्यांचे सांधे मुळातच ढिले असतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी पाच चाचण्या ठरवल्या: अंगठा हाताला टेकणं, सगळी बोटं मागे वाकून मनगट-कोपरामधल्या हाताच्या वरच्या बाजूला समांतर होणं, कोपर आणि गुडघा सरळ रेषेपलीकडे 10 अंशांहून जास्त जाणं, आणि घोट्याची जादा हालचाल. गंमत पाहा. प्रश्न खुब्याचा होता, पण पाचांत खुबा नाही. खुबा मोजायला अवघड, बोटं सोपी. ही सोय पुढे साठ वर्षं टिकली.

त्यानंतर पीटर बेइटन आले. त्यांनी हॉरन यांच्यासोबत 1969 मध्ये एलर्स-दांलोस असलेल्या रुग्णांच्या हाडासांध्यांवर लिहिलं आणि तेव्हा कार्टर-विल्किन्सन यांची पद्धत हाताशी धरली. मग दक्षिण आफ्रिकेत लुई सोलोमन आणि कॉलिन सोस्कोल्न यांच्याबरोबर ते त्स्वाना लोकांच्या एका ग्रामीण वस्तीत गेले आणि 1,081 माणसांचे सांधे तपासले. हा निबंध 1973 चा. एवढ्या लोकांना गावात उभं करून तपासायचं, तर चाचणी झटपट हवी. सगळ्या बोटांऐवजी एकटी करंगळी 90 अंशांपलीकडे जाते का, हे पाहणं आलं. घोटा गेला आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का, हे आलं. करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा, प्रत्येकी दोन बाजू म्हणजे आठ, आणि कमरेचा एक, असे नऊ.

त्या पाहणीत दिसलं, की लहानपणी लवचीकपणा भराभर कमी होतो, मोठेपणी सावकाश, आणि बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त असतो. म्हणजे ही एक सलग पट्टी आहे. कुणी दोनावर, कुणी सातावर. इतक्या गुणांच्या वर गेलं की आजार, अशी रेघ ओढणं हा त्या पाहणीचा हेतूच नव्हता. ती रेघ नंतर इतरांनी ओढली. लंडनमध्ये कर्क, अन्सेल आणि बायवॉटर्स यांनी 1967 मध्येच ‘हायपरमोबिलिटी सिंड्रोम’ हे नाव वापरलं होतं, म्हणजे ढिले सांधे आणि त्यांच्यामुळे दुखणं, बाकी काही नाही. या सिंड्रोमच्या 1998 मधल्या ब्रायटन निकषांत (हे इंग्लंडमधलं शहर, बेइटन हे आडनाव, आणि या दोहोंत गल्लत न झालेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही) चार किंवा अधिक गुण हा मोठा निकष ठरला. लोकसंख्येची पाहणी करण्यासाठी बनवलेली मोजपट्टी अशी एका माणसाच्या निदानाचं दार झाली.

चाराची रेघ आपल्याकडे आणली की काय होतं, हे मुंबईच्या मुलांनी दाखवलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलं अतिलवचीक ठरली. निम्मा वर्ग आजारी असू शकत नाही. भारतीय आणि युरोपीय अंगठ्यांच्या वाकण्यात फरक असल्याचं 1949 पासून छापील नोंदीत आहे. तेव्हा मुलाचा अंगठा मनगटाला लागतो म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही, हे आमच्या ओपीडीत रोज सांगावं लागतं.

एलर्स-दांलोसच्या 2017 मधल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ही रेघ थोडी हलती केली. त्यातल्या हायपरमोबाइल, म्हणजे सैल सांध्यांच्या प्रकाराला तीन निकष आहेत, आणि पहिला बेइटनचा. वयात न आलेल्या मुलांना 6, त्यानंतर पन्नाशीपर्यंत 5, पन्नाशीनंतर 4. एक गुण कमी पडत असेल तर पूर्वीचा इतिहास विचारायचा. लहानपणी स्प्लिट करायचात का, अंगठा टेकायचा का, तळवे टेकायचे का, खांदा किंवा वाटी एकाहून जास्त वेळा निखळली का, स्वतःला ‘डबल जॉइंट’ समजता का. पाचांपैकी दोन ‘हो’ आले की पहिला निकष पूर्ण.

एक उदाहरण घेऊ. खरी व्यक्ती नाही, पण अशा बायका दर महिन्याला येतात. 34 वर्षांच्या शिक्षिका. मोजताना टेबलाशी बसवून हात सपाट ठेवला, तळवा खाली, आणि करंगळी कोन मोजायचं गोनिओमीटर लावून उचलली: 86 अंश, दोन्हीकडे. नुसत्या नजरेने पाहिलं असतं तर दोन गुण सहज दिले गेले असते, ही नेहमीची चूक. दोन्ही अंगठे टेकले: 2. कोपर उजवं 13, डावं 8: 1. गुडघा डावा 12, उजवा 9: 1. तळवे जमिनीला टेकत नाहीत, कंबर धरते. एकूण 4. वयाला हवेत 5. पण त्या सांगतात, ‘सर, कॉलेजपर्यंत तळवे टेकायचे, गॅदरिंगला स्प्लिट करायचे, आणि वाटी दोनदा सरकलीय.’ पहिला निकष पूर्ण.

इथे थांबून ‘तुम्हाला एलर्स-दांलोस आहे’ म्हणणं चूक. दुसऱ्या निकषात तीन भाग आहेत आणि त्यातले किमान दोन जमायला हवेत. पहिल्या भागात 12 खुणांपैकी 5 लागतात: मखमली कातडी, जराशी ताणणारी कातडी, कारण नसताना पडलेले स्ट्रेच मार्क, उभं राहिल्यावर टाचेवर उठणाऱ्या फुगवट्या, हर्निया, दाटीचे दात, हृदयाची माइट्रल झडप सैल असणं वगैरे. या बाईंना तीनच. दुसरा भाग, आई-वडील, भावंडं किंवा मुलांत हेच निदान: नाही. तिसरा, तीन महिन्यांहून जास्त रोजचं दुखणं किंवा वारंवार सांधा निखळणं: आहे. म्हणजे एकच भाग जमला. निदान होतं ‘हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजे ढिल्या सांध्यांचं दुखणं आहे, पण एलर्स-दांलोसचे निकष पुरे होत नाहीत. रुग्णाला हे ऐकून वाटतं की आपल्याला पायरीवरून खाली उतरवलं. तसं नाही. दुखणं तेवढंच खरं आहे आणि व्यायामही तेच. फरक आहे तो संशोधनाच्या सोयीचा. या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, आणि गट जितका घट्ट बांधला तितकं ते सापडायची शक्यता जास्त.

तिसरा निकष म्हणजे दुसरं काही नाही ना, हे पाहणं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. बेइटनचा सर्वांत मोठा धोका इथे आहे. एलर्स-दांलोसचा सर्वांत जीवघेणा प्रकार, रक्तवाहिन्यांचा, त्यात मोठे सांधे बहुतेक वेळा ढिले नसतातच. फार तर बोटांचे छोटे सांधे. गुण दोन किंवा तीन येतात, आणि माणूस ‘लवचीक नाही’ म्हणून घरी जातो. 1960 च्या दशकात अँड्रास बाराबास यांनी हा प्रकार वेगळा काढला. 1975 मध्ये पोप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की यात तिसऱ्या जातीचं कोलॅजन, म्हणजे संयोजी ऊतकाच्या धाग्यांचं प्रथिन, कमी पडतं. त्याचं जनुक COL3A1, आणि ती चाचणी आज उपलब्ध आहे. म्हणून विचारायचं ते सांध्यांविषयी नाही: घरात कुणी तरुणपणी अचानक रोहिणी फुटून किंवा आतडं फाटून गेलं का? लागल्याशिवाय काळेनिळे डाग पडतात का? छातीवरची कातडी इतकी पातळ आहे का, की शिरा दिसतात?

संयोजी ऊतकाचाच दुसरा आजार, मार्फान सिंड्रोम, हाही असाच हातातून निसटतो. 1896 मध्ये आंत्वान मार्फान यांनी पाच वर्षांची लांब, बारीक बोटांची मुलगी दाखवली. तिला आजचं मार्फान नसावं, असं पुढे अनेकांना वाटलं, पण नाव राहिलं. मुठीत अंगठा धरला की नख करंगळीकडून बाहेर येतं का आणि अंगठा-करंगळीने दुसरं मनगट वेढलं की नखं एकमेकांवर चढतात का, या दोन खुणांना मिनिट लागत नाही. शंका असेल तर महारोहिणीच्या मुळाची रुंदी पाहायला इको. ज्याला हे सांगितलं नाही तो बेइटन 6 घेऊन बास्केटबॉल खेळत राहतो.

आता दुखणं का होतं? सांधा त्याच्या टोकापर्यंत जातो तेव्हा अडवणारा दोर ढिला असतो, म्हणून काम स्नायूंवर येतं आणि ते थकतात. त्यातच सांधा कुठे आहे याची मेंदूला मिळणारी खबर कमी पडते. पायरी चुकते, घोटा मुरगळतो, अस्थिबंध आणखी सैल होतो. म्हणून या रुग्णांना ‘योगा करा, मोकळं वाटेल’ असा सल्ला अनेकदा उलटा पडतो. त्यांना ताण अगदी टोकाला गेल्यावरच जाणवतो, म्हणून ते टोकालाच जातात. त्यांना हवं ते गुडघा आणि कोपर किंचित वाकवून, मधल्या पट्ट्यात, कमी वजनाने आणि आरशासमोर केलेलं बळकटीकरण. फरक दिसायला महिने लागतात. खांदा शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया इथे जपून करावी लागते, कारण जे अस्थिबंध ताणले जातात तेच शिवणीखाली पुन्हा ताणले जातात. दात काढताना भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, ही तक्रारही यांच्यात वारंवार येते, आणि ती डेंटिस्टला आधी सांगून ठेवावी.

बेइटनमध्ये खांदा नाही, मान नाही, जबडा नाही, खुबा नाही, घोटा नाही. वर उदाहरणात आलेल्या बाईंचं दुखणं मुख्यतः वाटी, घोटा आणि खांद्याचं होतं. त्यांच्या चार गुणांपैकी फक्त एक, डाव्या गुडघ्याचा, या सांध्यांच्या जवळपासचा आहे.