स्टॅम्प पेपर झाला, तरी गाडी तुमचीच

"गाडी विकली, पैसे घेतले, स्टॅम्प पेपरवर सह्याही झाल्या. आता त्याने कुठे ठोकली तर माझा काय संबंध?"

संबंध आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली कार पहिल्या मालकानंतर अनेक हात फिरली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. स्कूटरलाही हाच नियम. विमा चालू नसेल तर रक्कम थेट तुमच्या खिशातून. ई-चलानही तुमच्याच मोबाईलवर येतं.

स्टॅम्प पेपर फार तर घेणाऱ्याकडून वसुलीला उपयोगी. घेणारा सापडला तर! म्हणून विक्री होताच फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आरटीओत द्या. 'परिवाहन'वर नवं नाव दिसेपर्यंत पाठपुरावा करा.