मधला सांधा पुसला की ब्रिज सुटतो

एक छोटं सर्किट कागदावर काढा. डावीकडे सांधा अ, उजवीकडे सांधा ब, आणि बॅटरी या दोघांना जोडलेली. मध्ये वरच्या बाजूला क, खालच्या बाजूला ड. अ ते क ६ ओहम, क ते ब ९ ओहम, अ ते ड १२ ओहम, ड ते ब ६ ओहम. क आणि ड यांच्यामध्ये उभा १८ ओहमचा रोधक. हा झाला ब्रिज. अ आणि ब यांच्यामधला एकूण रोध किती, एवढंच काढायचं आहे.

शाळेत शिकलेले दोन्ही नियम इथे अडतात. ६ आणि ९ एकसर म्हणावेत, तर क पाशी तिसरी वाट फुटते, म्हणजे ६ मधला सगळा करंट ९ मध्ये जात नाही. समांतर म्हणावेत, तर ज्यांची दोन्ही टोकं एकाच जागी आहेत असे दोन रोधक अख्ख्या आकृतीत नाहीत.

आधी एक तपासणी मात्र करावी, कारण कधीकधी काम तिथेच संपतं. वरच्या वाटेतलं गुणोत्तर ६:९, खालच्या वाटेतलं १२:६. ड ते ब ६ ऐवजी १८ ओहम असता, तर दोन्ही गुणोत्तरं जुळली असती, क आणि ड यांचं व्होल्टेज सारखं झालं असतं आणि मधला रोधक काढून फेकला तरी फरक पडला नसता. हाच तो संतुलित व्हीटस्टन ब्रिज. आपला ब्रिज संतुलित नाही.

आता क कडे बघा. तिथे बरोबर तीन रोधक येऊन मिळतात आणि बाहेरची एकही तार नाही. अशा सांध्याला स्टारचं केंद्र म्हणता येतं. आकृतीत तो चांदणीसारखा दिसेलच असं नाही. परीक्षेतल्या आकृत्यांमध्ये तर तो बहुधा तसा दिसू नये याचीच काळजी घेतलेली असते. म्हणून आकार न बघता प्रत्येक सांध्यावर टिंब द्यावं आणि त्यातून किती फांद्या निघतात ते मोजावं. अ पाशी बॅटरीची तार धरून तीन फांद्या होतात, पण तो स्टारचं केंद्र नाही. ज्या दोन टोकांमधला रोध काढायचा, त्यातलंच एक पुसून कसं चालेल? आपल्या ब्रिजमध्ये केंद्र होऊ शकतील असे दोनच सांधे आहेत, क आणि ड.

क ची तीन टोकं अ, ब आणि ड. या तिघांना क मार्फत जोडणारे ६, ९, १८ ओहमचे हात काढून त्याजागी थेट एकमेकांना जोडणारे तीन रोधक बसवायचे, म्हणजे त्रिकोण, म्हणजेच डेल्टा. अट एकच: बाहेरून अ, ब, ड कडे बघणाऱ्याला फरक कळता कामा नये.

या नव्या रोधकांच्या किमती सूत्राशिवायही काढता येतात. हा स्टार सर्किटमधून सुटा करा. अ ला १८ व्होल्ट द्या. ब आणि ड दोन्ही शून्यावर ठेवा. क पासून पुढे ९ आणि १८ समांतर होतात, त्यांचे ६ ओहम. म्हणजे अ पासून ६ आणि पुढे ६, त्यामुळे क बरोबर मधोमध, ९ व्होल्टवर. ब कडे जाणारा करंट ९ भागिले ९, म्हणजे १ अँपिअर. ड कडे ९ भागिले १८, म्हणजे अर्धा अँपिअर. डेल्टामध्येही हेच घडायला हवं. तिथे ब आणि ड दोन्ही शून्यावर असल्याने त्यांच्यामधल्या बाजूत करंटच नाही. ब ला मिळणारा १ अँपिअर फक्त अ-ब बाजूतूनच येणार. म्हणून अ-ब बाजू १८ ओहम आणि अ-ड बाजू ३६ ओहम. आळीपाळीने ड ला व्होल्टेज दिलं की उरलेली ड-ब बाजू ५४ ओहम निघते.

पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं. स्टारच्या हातांचे दोन-दोनचे गुणाकार करून बेरीज घ्या: ५४ + १६२ + १०८ = ३२४. मग जी बाजू हवी, तिच्या समोरच्या हाताने भागा. अ-ब साठी समोरचा हात ड चा, १८. ३२४ भागिले १८ म्हणजे १८. बहुतेक चुका इथेच होतात, शेजारच्या हाताने भागलं जातं. ती पकडायची सोपी खूण अशी, की डेल्टाची प्रत्येक बाजू तिच्या दोन टोकांच्या हातांच्या बेरजेपेक्षा मोठीच यायला हवी. ६ + ९ = १५, आणि बाजू १८. बरोबर. ही बेरीज मोठी निघाली, तर भागाकार चुकला आहे.

तिन्ही हात सारखे असतील तर डेल्टाची बाजू हाताच्या तिप्पट. शेतातल्या पंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर मात्र हे रूपांतर करत नाही. तिथे मोटरची तीच तीन वाइंडिंग आधी स्टारमध्ये आणि मग खरोखर डेल्टामध्ये जोडली जातात, म्हणून सुरू होताना स्टारमधला लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश असतो. तिप्पटीचं गणित एकच, काम वेगळं.

क पुसला गेल्यावर ब्रिज कसा दिसतो? अ आणि ड यांच्यात आधीचे १२ आणि नवे ३६ समांतर, म्हणजे ९ ओहम. ड आणि ब यांच्यात ६ आणि ५४ समांतर, म्हणजे ५.४. हे दोन एकसर, १४.४. त्याला समांतर अ-ब बाजूचे १८. उत्तर नेमके ८ ओहम.

उत्तर पटण्याजोगं आहे का, हेही तपासता येतं. मधला रोधक पूर्ण काढला, तर १५ आणि १८ समांतर, सुमारे ८.१८ ओहम. त्याजागी साधी तार लावली, तर ४ + ३.६ = ७.६. खरं उत्तर या दोघांच्या मध्येच पडायला हवं, आणि ८ पडतं. असंतुलित ब्रिजच्या कुठल्याही उत्तराला ही चाळणी लावून बघावी.

उलटा रस्ताही आहे. अ-क-ड त्रिकोणाचा स्टार केला, तर हात २, ३ आणि ६ ओहमचे येतात, पुढे १२ आणि १२ समांतर, आणि २ + ६ = ८. या आकड्यांना खरं तर हा रस्ता जास्त सोपा. पण त्यात एक नवा सांधा येतो, तर स्टारचा डेल्टा केल्यावर एक सांधा कमी होतो. सर्किट मोठं असलं की हे महत्त्वाचं ठरतं.

दोन्ही दिशांची ही समतुल्यता आर्थर केनेली यांनी १८९९ मध्ये मांडली. एडिसन यांच्याकडे काम केलेल्या केनेली यांचा जन्म १८६१ मध्ये मुंबईत, कुलाब्यात झाला होता.

पुसलेला सांधा परतही मिळवता येतो. बॅटरी २४ व्होल्टची धरू. ड चं व्होल्टेज ५.४ भागिले १४.४ या प्रमाणात, म्हणजे ९ व्होल्ट. आता मूळ आकृतीकडे वळा. क चं व्होल्टेज १३.५ धरलं, तर अ कडून १०.५ भागिले ६, म्हणजे १.७५ अँपिअर येतो. ब कडे १.५ आणि ड कडे ४.५ भागिले १८, म्हणजे ०.२५ जातो. हिशोब जुळला, म्हणजे मधल्या रोधकातला करंट पाव अँपिअर, क कडून ड कडे. डेल्टाच्या आकृतीत मात्र तो शोधू नका, तिथे तो रोधक उरलेलाच नाही.

एखाद्या सांध्यावर चार हात आले, तरी तो पुसता येतो, पण त्याजागी सहा रोधक बसतात, टोकांची प्रत्येक जोडी एकेका रोधकाने जोडावी लागते. आणि हवे तसे सहा रोधक दिले, तर त्यांचा चार हातांचा स्टार बहुतेक वेळा होतच नाही, कारण चार किमतींनी सहा अटी पुऱ्या करायच्या असतात. तीन हातांना तीन बाजू, म्हणून फक्त तिथेच जाण्यायेण्याचे दोन्ही रस्ते नेहमी उघडे असतात.