माईक महाग असला म्हणजे घसा वाचतो का?

“चांगला, महागडा माईक घेतला की ऑनलाइन तासाला घसा बसत नाही, असे सगळे सांगतात. खरे आहे का?”

नाही, किमतीपेक्षा माईकचे तोंडापासूनचे अंतर महत्त्वाचे असते. अंतर निम्मे केले की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपऐवजी १५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या किंचित बाजूला माईक ठेवला, तर न ओरडता सुमारे १२ डेसिबल मिळतात.

तरीही घसा बसतो, कारण ओरडण्याची सवय कानातून येते. भोवती गोंगाट असला किंवा स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही, की माणूस नकळत आवाज चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. कोथरूडच्या माझ्या घरी खिडकीखाली रिक्षा, डोक्यावर पंखा आणि दोन्ही कानांवर घट्ट हेडफोन असताना, नवा माईक लावूनही, तिसऱ्या तासाला माझा आवाज घोगरा होत असे. खिडकी लावून एक कान मोकळा ठेवला, तेव्हा फरक पडला.

शिवाय झूमसारख्या अॅपमध्ये माईकची पातळी आपोआप जुळवली जाते, त्यामुळे तुम्ही ओरडलात तरी मुलांना तो आवाज फारसा मोठा ऐकू येत नाही. (फुकटची मेहनत!) खात्री करायची असल्यास शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तशा आवाजात एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकावे. शब्द स्पष्ट आले, तर तेवढाच आवाज पुरे; आले नाहीत, तर माईक जवळ आणावा. कुजबुजून बोलणे मात्र टाळावे, कारण त्यानेही अनेकांच्या घशावर ताण येतो.