पाचवीच्या पालकांसाठी: अपूर्णांकांचा घटक आणि घरचा अभ्यास

पालकहो, नमस्कार.

येत्या सोमवारपासून वर्गात अपूर्णांक सुरू होत आहेत. घटक चार आठवडे चालेल. दर वर्षी पहिल्या आठवड्यात पालकांचा एकच प्रश्न येतो, "वहीत गणितं दिसत नाहीत, नुसत्या कागदाच्या पट्ट्या चालल्यात का?" म्हणून यंदा आधीच लिहितो आहे.

चार आठवड्यांनंतर मुलाला तीन गोष्टी यायला हव्यात. दोन अपूर्णांक दिले तर लहान कोणता आणि मोठा कोणता, हे त्याने कारणासह सांगावं. एकाच अपूर्णांकाची वेगवेगळी रूपं, म्हणजे 1/2, 2/4, 6/12, ओळखावीत. आणि छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज करावी. शेवटची गोष्ट पहिल्या दोन्हींवर उभी असते, त्यामुळे बेरीज आम्ही चौथ्या आठवड्यात घेतो.

नेमकं इथेच घोडं अडतं. बेरीज लवकर यावी म्हणून घरी पहिल्याच आठवड्यात तिरकस गुणाकार शिकवला जातो. हेतू चांगला असतो, रीतही चुकीची नाही. पण उत्तर म्हणजे साधारण किती, हे पाहायची सवय त्या रीतीने लागत नाही. एका मुलीने 7/8 + 9/10 हे गणित याच रीतीने सोडवून 142/80 असं अगदी बरोबर उत्तर काढलं. "हे साधारण किती झालं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "एकशे बेचाळीस." दोन्ही अपूर्णांक एकाच्या जवळ आहेत, म्हणजे बेरीज दोनाला थोडी कमी असणार, हे तिला दिसलंच नाही. तिला पुन्हा पट्ट्यांवर आणण्यात दोन आठवडे गेले. हाती आलेली रीत सोडून मागे यायला कुठल्याही मुलाला जड जातं.

पट्ट्यांचं काम कसं चालतं ते सांगतो. 12 सेंटिमीटर लांबीची पट्टी म्हणजे एक पूर्ण. तिचा अर्धा भाग 6 सेंटिमीटर, तिसरा भाग 4 सेंटिमीटर. आता 1/2 + 1/3 करायचं आहे. बरीच मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 2/5 लिहितात. आम्ही लगेच खोडत नाही. दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवायला सांगतो. लांबी भरते 10 सेंटिमीटर. पट्टीचे पाच भाग केले तर त्यातले दोन भाग होतात 4.8 सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हे मूल स्वतःच विचारतं. मग 2 सेंटिमीटरचे तुकडे लावून बघतात. अर्ध्यात तीन बसतात, तिसऱ्या भागात दोन, आणि असे सहा तुकडे म्हणजे एक पूर्ण. उत्तर 5/6. छेद समान का करायचे हे इथे हाताला कळतं. लसावि त्यानंतर येतो आणि मग तो पाठ करावा लागत नाही.

घरी रोज दहा मिनिटं पुरेत. पट्ट्यांचा संच सोमवारी मुलाच्या दप्तरातून येईल. दोन अपूर्णांक द्या आणि एवढंच विचारा: "हा अर्ध्याहून जास्त की कमी? कशावरून?" उदाहरणार्थ 3/8 आणि 4/7. आठाचं निम्मं चार, म्हणून 3/8 अर्ध्याहून कमी. साताचं निम्मं साडेतीन, म्हणून 4/7 जास्त. कारण सांगता आलं नाही तर पट्टी हातात द्या, उत्तर सांगू नका.

आपल्या भाषेची इथे मोठी मदत होते. पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतात, हे मुलाला कानाने आधीच माहीत असतं. म्हणजे छेद वेगळे असलेली बेरीज त्याला येतेच. 1/4 + 1/2 ला 2/6 लिहिलं तर "पाव आणि अर्धा मिळून किती?" एवढं विचारलंत की काम होतं. सव्वा, दीड, अडीच हेही बोलण्यात येऊ द्या.

आकृती काढायची असेल तर दोन्ही अपूर्णांकांसाठी एकाच मापाचा आयत घ्या. लहान आयताचा अर्धा भाग मोठ्या आयताच्या तिसऱ्या भागापेक्षा छोटा दिसू शकतो, आणि तुलनाच फसते. गोल टाळा, त्याचे तीन सारखे भाग हाताने नीट होत नाहीत.

पहिले दहा दिवस वही रिकामी दिसेल. त्या दिवसांत आम्ही प्रत्येक मुलाला शेजारी बसवून तोंडी प्रश्न विचारतो, आणि एका तुकडीत बाराच मुलं घेण्याचं कारणही तेच आहे. शनिवारी शेवटचा अर्धा तास पालकांसाठी खुला आहे. मागे बसून बघा, तिरकस गुणाकार कधी आणि कसा घेतो तेही तिथेच दाखवू. घरी तो आधीच शिकवून झाला असेल तर संकोच न करता आम्हाला कळवा, म्हणजे त्या मुलाला पहिल्या दिवसापासून वेगळे प्रश्न देता येतील.