विहीर आणि बोअरमधला उतार, रिकव्हरी आणि पंपिंग टेस्ट

मोटर चालू केल्यावर विहिरीतली किंवा बोअरमधली पाण्याची पातळी जितकी खाली जाते त्याला उतार म्हणतात, आणि मोटर बंद केल्यावर ती पातळी परत वर चढते ती रिकव्हरी. उतार मोजायचा तो स्थिर पातळीपासून, म्हणजे बराच वेळ उपसा नसताना पाणी जिथे थांबलेलं असतं तिथून. मोजून मापून उपसा करून या दोन्ही गोष्टी वेळेसकट लिहून ठेवल्या की झाली पंपिंग टेस्ट, म्हणजेच उपसा चाचणी.

उघड्या विहिरीत सगळ्यात मोठा घोळ होतो तो साठा आणि येवा यांच्यात. मोटर चालते तेव्हा बाहेर पडणारं पाणी आधी विहिरीत साठलेलं असतं आणि झऱ्यातून त्या वेळात आलेलं थोडंसंच असतं, त्यामुळे पाइपातून जोरात पाणी पडतंय म्हणून विहिरीला पाणी चांगलं आहे असं म्हणता येत नाही. बोअरचं उलटं आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला जेमतेम २१ लिटर पाणी मावतं, साठा जवळपास नाहीच, म्हणून पातळी सुरुवातीलाच धाडकन उतरते आणि पुढची सगळी कहाणी खडकातून येणाऱ्या पाण्याची असते.

एक उदाहरण बघू. विहिरीचा व्यास ६ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण २८.३ चौरस मीटर, आणि पातळी १ मीटर उतरली की साठ्यातलं २८,३०० लिटर पाणी गेलं. मोटरचा डिस्चार्ज बघायला २०० लिटरचा ड्रम लावला, तो २४ सेकंदात भरला, म्हणजे तासाला ३०,००० लिटर. मोटर ३ तास चालवली, एकूण ९०,००० लिटर उपसले आणि पातळी २.७ मीटर उतरली. त्यातले सुमारे ७६,००० लिटर साठ्यातले, म्हणजे झऱ्यांनी ३ तासांत दिले फक्त १४,००० च्या आसपास.

आता मोटर बंद करून टेप घेऊन बसायचं, आणि मला विचाराल तर खरी टेस्ट इथेच सुरू होते, कारण आता उपसा शून्य आहे, डिस्चार्ज मोजण्यातली चूक मध्ये येत नाही, जे पाणी चढतंय ते सगळं झऱ्याचं. पहिल्या तासात पातळी ३० सेंटीमीटर चढली, म्हणजे साधारण ८,५०० लिटर आले. पण पुढे चढण्याचा वेग कमी होत जातो, कारण उतार कमी झाला की बाहेरचं पाणी आत ढकलणारा जोरही कमी होतो. या विहिरीत २.७ चा उतार निम्मा, म्हणजे १.३५ मीटर, व्हायला ६ तास लागले आणि त्याचा निम्मा व्हायला आणखी ६ तास. या निम्मं होण्याच्या वेळेवरून येवा काढता येतो: क्षेत्रफळाला ०.६९ ने गुणायचं आणि तासांनी भागायचं. उत्तर येतं दर मीटर उताराला तासाला साधारण ३.३ घनमीटर, म्हणजे ३,३०० लिटर. मग २ मीटर उतार ठेवला तर ही विहीर तासाला ६,६०० लिटर देणार, ३०,००० नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मोटर लावायला गेलं तर पाणी अजून पाव मीटर खालीच असेल.

हा हिशोब एका ठिकाणी मोडतो आणि ते ठिकाण ओळखता आलं तर फार कामाचं आहे. मुख्य झरा बाजूच्या भेगेतून येत असेल आणि पाणी त्याच्याही खाली गेलं तर झरा वरून धारेने पडतो, मग पातळी कितीही खाली नेली तरी येवा वाढत नाही. रिकव्हरीत हे लगेच दिसतं. आधी दर तासाला सारखेच सेंटीमीटर चढतात आणि पाणी भेगेपर्यंत पोचलं की वेग पडायला लागतो. तो बदल होतो ती खोली म्हणजे झऱ्याची खोली, आणि त्याच्या खाली उपसून फक्त साठा रिकामा होतो, येवा वाढत नाही.

बाकी चुका साध्या असतात पण टेस्ट वाया घालवतात. उपसलेलं पाणी विहिरीजवळच सोडलं की ते झिरपून परत आत येतं आणि येवा खोटा वाढतो. फूट व्हॉल्व्ह गळका असला की पाइपातलं पाणी मोटर बंद होताच खाली येतं, विहिरीत ते जाणवत नाही पण बोअरमध्ये पहिल्या मिनिटाचं रीडिंग त्याने बिघडतं. जवळच्या विहिरीची मोटर मध्येच चालू झाली तर रिकव्हरी अडकल्यासारखी दिसते. पातळी खाली गेली की मोटरचा डिस्चार्जही थोडा घटतो, म्हणून ड्रम सुरुवातीला एकदा लावून भागत नाही, शेवटीही लावायचा.

आणि टेस्ट ज्या दिवशी केली त्या दिवसाच्या पातळीलाच लागू असते. पावसाळ्यानंतर काढलेला ३,३०० लिटरचा आकडा उन्हाळ्यात धरता येत नाही, कारण तेव्हा वरच्या भेगा कोरड्या पडलेल्या असतात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तीच टेस्ट परत करावी लागते.